अध्याहृत क्रियापदं: अरबी वाक्यझाडांच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

कामाची हद्द आज ठरली. अरबी वाक्यांचा एक लहान संच घ्यायचा आणि प्रत्येक वाक्याचं झाड काढायचं: कुठला शब्द कुठल्या शब्दाला लटकतो, कर्ता कोण, कर्म कोण. संचात जुन्या व्याकरणग्रंथांतली उदाहरणं आहेत, कुराणातल्या काही आयती आहेत आणि आजच्या वर्तमानपत्री अरबीच्या धर्तीवरची वाक्यं आहेत. मांडणी युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या सगळ्या भाषांसाठीच्या वाक्यझाड-आराखड्याची, म्हणजे दर ओळीत एक शब्द असलेली CoNLL-U फाइल. माझ्या आणि माझ्या सहकारी बाईंच्या वाट्याला आलेला भाग सगळ्यात कटकटीचा: ज्या वाक्यांत क्रियापद किंवा विधेय उच्चारलेलंच नाही, ती वाक्यं.

‘मी चहा घेतला, त्यानं कॉफी’ यातलं दुसरं ‘घेतली’ मराठीत आपण न बोलता समजून घेतो. शाळेत याला अध्याहृत शब्द म्हणायचो. अरबी व्याकरणात शब्द गाळण्याला हज्फ म्हणतात, आणि वाचणाऱ्यानं तो मनात भरून घेण्याला तक्दीर. या दोन गोष्टींवर अरबी वैयाकरण हजार वर्षांहून जास्त काळ भांडत आलेत, त्यामुळे आम्हाला भांडणं नव्यानं शोधायची गरज नाही.

सुरुवात सीबवैहिपासून केली. हा आठव्या शतकातला वैयाकरण, मूळचा पर्शियन, बसऱ्यात शिकलेला. त्याच्या ‘अल-किताब’मधलं एक उदाहरण आहे: कुणीतरी बाण सोडला, तो लागल्याचा आवाज आला आणि ऐकणारा म्हणाला, ‘अल-किर्तास-अ, वल्लाहि!’ किर्तास म्हणजे इथे निशाण. ‘निशाणाला, देवाशपथ!’ एवढंच वाक्य. दुसरं असंच: हजला निघाल्यासारखा दिसणारा माणूस पाहून कुणी म्हणतं, ‘मक्कत-अ, व-रब्बिल-काबा!’ इथेही क्रियापदाचा पत्ता नाही.

अरबीत नामाचा शेवटचा स्वर विभक्ती सांगतो. ‘उ’ असला तर प्रथमा, ‘अ’ असला तर द्वितीया, ‘इ’ असला तर षष्ठी. किर्तासला ‘अ’ आहे, म्हणजे द्वितीया, म्हणजे हे कुणाचं तरी कर्म आहे, म्हणजे क्रियापद कुठेतरी आहेच. पण ते कोणतं, हे तो स्वर सांगत नाही. बाणाच्या वेळी ‘लागला’ (असाब) आणि मक्केच्या वेळी ‘निघालाय’ (युरीदु) हे प्रसंगावरून कळतं. तेव्हा साक्षीदार दोन आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत: काहीतरी गाळलंय हे विभक्ती सांगते, काय गाळलंय ते प्रसंग किंवा आधीचं वाक्य सांगतं. आमच्या तक्त्यात दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने ठेवले. सरांना हे आवडलं, म्हणाले, ‘मग ज्या वाक्यात पहिला साक्षीदारच नाही, तिथे काय करणार ते लवकर ठरवा.’

९ जानेवारी

ते लवकरच ठरवावं लागलं, कारण पहिल्याच पानावर ‘जैदुन फिद्दारि’ आलं. जैद घरात. अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ येत नाही, त्यामुळे वाक्य इथेच पुरं होतं. ऐकणाऱ्याला काही कमी वाटत नाही.

परंपरागत विश्लेषणात मात्र इथेही गाळलेला शब्द आहे. ‘फिद्दारि’ हा शब्दयोगी गट, तो एकटा विधेय कसा होईल? त्याला टांगायला काहीतरी हवं. मग ‘काइनुन’ (असलेला) किंवा ‘इस्तकर्र’ (स्थिरावला) हा शब्द मनात धरायचा. इब्न मालिक (मृत्यू १२७४) यानं आपल्या ‘अल्फिय्या’ या पद्यबद्ध व्याकरणात हे दोन्ही पर्याय एकाच ओळीत बसवले आहेत, आणि पारंपरिक पद्धतीनं शिकलेल्या अनेकांना ती ओळ तोंडपाठ असते. पहिला पर्याय नाम आहे, दुसरा क्रियापद. त्यातला कोणता धरावा यावरही वाद आहे.

याला सगळ्यात आडवं जाणारा माणूस अंदलुसचा, म्हणजे मुस्लिम स्पेनचा: इब्न मदा अल-कुर्तुबी, अलमोहाद राजवटीतला काझी, मृत्यू ११९६. वैयाकरणांच्या खंडनाचा त्याचा ग्रंथ शौकी दैफ यांनी संपादित करून १९४७ मध्ये कैरोत छापला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ‘जैद घरात’ हे वाक्य पुरं आहे, त्यात ‘स्थिरावलेला’ घुसवायचं कारण वाक्यात नाही, ते वैयाकरणांच्या सिद्धान्तात आहे. प्रत्येक विभक्तीमागे तिला घडवणारा शब्द असलाच पाहिजे, हा आग्रह धरला की असे शब्द कल्पावे लागतात. ‘या अब्दल्लाह’ या हाकेमागे ‘मी हाक मारतो’ हे क्रियापद धरतात, त्यावर तर त्याची टीका आणखी नेमकी आहे: ते क्रियापद खरंच उच्चारलं तर हाक ही हाक राहत नाही, तिची बातमी होते.

आमच्यापुरता निकाल असा. युनिव्हर्सल डिपेंडन्सीजमध्ये ‘दार’, म्हणजे घर, हाच मूळ (`root`) आणि ‘जैद’ त्याचा कर्ता, `nsubj`. गाळलेल्या शब्दासाठी झाडात रिकामी गाठ घालायची नाही. गंमत म्हणजे हा आराखडा इब्न मदाच्या बाजूचा आहे, जरी तो करणाऱ्यांच्या डोक्यात चेक, इंग्रजी, फिनिश असं सगळं एकत्र होतं. पण आमच्या तक्त्यात ‘परंपरेतला तक्दीर’ असा एक रकाना राहील. उद्या कुणी पारंपरिक एराबशी, म्हणजे परंपरेतल्या विभक्ती-विश्लेषणाशी, ताडून पाहिलं, तर ‘काइन’ कुठे गेला हे त्याला सापडलं पाहिजे.

१६ जानेवारी

आज दिवसभर एकाच सूरेतल्या दोन आयतींवर बसलो आणि ते वाजवी होतं. सोळावी सूरा, आयत २४ आणि आयत ३०. प्रश्न दोन्हीकडे शब्दशः तोच: ‘माजा अन्जल रब्बुकुम’, तुमच्या प्रभूनं काय उतरवलं? उत्तरं दोन.

२४ मध्ये न मानणारे म्हणतात: ‘असातीर-उल-अव्वलीन’, पूर्वजांच्या दंतकथा. प्रथमा.

३० मध्ये मानणारे म्हणतात: ‘खैरन’, चांगलं. द्वितीया.

एका स्वराचा फरक, पण झाडं दोन निराळी होतात. ‘खैरन’ द्वितीयेत आहे म्हणजे कर्म; प्रश्नातलं ‘अन्जल’ (उतरवलं) तसंच्या तसं उचलून उत्तरात धरायचं: ‘(उतरवलं) चांगलं’. दुसरीकडे ‘असातीर’ प्रथमेत आहे, म्हणून ते ‘उतरवलं’चं कर्म होऊच शकत नाही. तिथे गाळलेला आहे उद्देश: ‘(ते म्हणजे) दंतकथा’.

हे नुसतं व्याकरण नाही, हे जमखशरीनं (मृत्यू ११४४) आपल्या कुराणभाष्यात दाखवलं आहे. मानणाऱ्यांनी प्रश्नाला प्रश्नाच्याच साच्यात उत्तर दिलं, कारण उतरवलं गेलंय हे त्यांना मान्य आहे. न मानणाऱ्यांनी द्वितीया वापरली असती तर ‘उतरवल्या दंतकथा’ असं झालं असतं, म्हणजे उतरवण्याची कबुलीच. म्हणून त्यांनी प्रश्नाचा साचाच मोडला. गाळलेलं क्रियापद भरायला नकार देणं हाच त्यांच्या उत्तराचा अर्थ आहे. सहकारी बाई म्हणाल्या, ‘म्हणजे इथे आपण चुकून क्रियापद भरलं, तर त्यांच्या तोंडी भलतंच घातल्यासारखं होईल.’ अगदी तेच होईल.

फाइलमध्ये उतरवताना मूलभूत झाड आणि विस्तारित झाड असे दोन थर असतात. मूलभूत थरात फक्त उच्चारलेले शब्द चालतात. रिकामी गाठ विस्तारित थरातच, आणि तिचा क्रमांक दशांशी: पहिल्या शब्दानंतरची १.१. खाली दहापैकी फक्त पाच स्तंभ ठेवलेत: क्रमांक, शब्द, मूलभूत थरातला पालक, नातं, विस्तारित नातं.

```
# 16:30
1    qalu      0  root   0:root
1.1  anzala    _  _      1:ccomp
2    khayran   1  ccomp  1.1:obj

# 16:24
1    qalu      0  root   0:root
2    asatiru   1  ccomp  1:ccomp
3    lawwalina 2  nmod   2:nmod
```

मूलभूत थरात दोन्ही उत्तरं ‘कालू’ला (म्हणाले) `ccomp`, म्हणजे पूरक उपवाक्य, म्हणूनच लटकतात, ‘खैरन’ला गैरहजर क्रियापदाच्या जागी बढती मिळते. फरक दिसतो तो विस्तारित थरात. २४ मध्ये गाठ नाही, कारण गाळलेलं सर्वनाम-उद्देश या आराखड्यात भरत नाहीत. नाम स्वतःच विधेय होतं.

एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. आराखड्याचे नियम रिकामी गाठ मुख्यतः जोडवाक्यात दुसऱ्यांदा न बोललेल्या क्रियापदासाठी मागतात. प्रश्नोत्तरातल्या गाळणीसाठी ती वापरणं हा आमचा विस्तार आहे. फाइलच्या माथ्यावर तसं लिहिलंय, म्हणजे दुसऱ्या संचाशी तुलना करणारा फसणार नाही.

१७ जानेवारी

कालच्याच जातीचं आणखी एक, पण सोपं. ५१:२५ मध्ये पाहुणे येतात आणि म्हणतात ‘सलामन’. इब्राहिम उत्तर देतात ‘सलामुन’. पाहुण्यांचं द्वितीयेत, म्हणजे मागे क्रियापद (आम्ही सलाम करतो). यजमानांचं प्रथमेत, म्हणजे नाममय वाक्य, ज्याचं विधेय गाळलंय (तुमच्यावर). भाष्यकार म्हणतात की क्रियापदाच्या वाक्यात घडणं असतं, नाममय वाक्यात टिकणं असतं, म्हणून यजमानांचं अभिवादन वरचढ. पटो न पटो, दोन झाडं वेगळी ठेवायला हे कारण पुरेसं आहे. लिहून मोकळे झालो.

२३ जानेवारी

पहिला साक्षीदार गप्प बसतो तेव्हा काय, याचं चांगलं उदाहरण मिळालं. ३१:२५: आकाशं आणि पृथ्वी कुणी निर्माण केली असं तू त्यांना विचारलंस, तर ते म्हणतील, ‘अल्लाहु’. एकच शब्द, प्रथमेत. आता प्रथमा कर्त्याचीही असते आणि उद्देशाचीही. म्हणून दोन वाचनं उभी राहतात:

‘(निर्माण केली) अल्लाहनं’, म्हणजे क्रियापद गाळलंय आणि अल्लाह कर्ता.
‘अल्लाह (हा त्यांचा निर्माता)’, म्हणजे अल्लाह उद्देश आणि विधेय गाळलंय.

दुसऱ्याच्या बाजूनं एक मुद्दा आहे: प्रश्न ‘मन’नं (कोण) सुरू होतो आणि तिथे ‘मन’ हा उद्देशाच्या जागी आहे, मग उत्तरही त्याच साच्यात असावं. कालपर्यंत आम्ही जो न्याय लावत होतो त्यानुसार हा मुद्दा जड वाटतो. पण दुसरा साक्षीदार भक्कम निघाला. ४३:९ मध्ये हाच प्रश्न जवळपास त्याच शब्दांत येतो आणि तिथे उत्तरात क्रियापद उघड आहे: ‘खलकहुन्नल-अजीजुल-अलीम’, त्यांना निर्माण केलं त्या सामर्थ्यवान, सर्वज्ञानं. एकाच ग्रंथात, एकाच प्रश्नाला, एकदा गाळून आणि एकदा न गाळता उत्तर आलं असेल, तर गाळलेलं न गाळलेल्यावरून भरावं. भरलेला शब्द कुठेतरी खरोखर उच्चारलेला सापडणं यापेक्षा चांगला पुरावा नाही.

म्हणून पहिलं वाचन घेतलं, १.१ ला ‘खलक’ ठेवलं, आणि पुराव्याच्या रकान्यात ‘४३:९’ लिहिलं. कर्मसर्वनाम (‘हुन्न’) भरायचं का? नाही. इब्न हिशाम (मृत्यू १३६०) या वैयाकरणानं ‘मुग्नी अल-लबीब’मध्ये गाळणीवर लांबलचक लिहिलंय आणि त्यात एक कामाचा नियम आहे: भरायचं ते शक्य तितकं कमी भरावं. हा नियम आम्ही भिंतीवर चिकटवला आहे, कारण आम्हा दोघांनाही जास्त भरायची खोड आहे.

३० जानेवारी

जोडवाक्यं. सोपं वाटलं होतं. साधं वाक्य घेतलं: अहमदनं पुस्तक वाचलं आणि सलमानं (बाई) कविता.

```
1    qaraa     0  root    0:root
2    ahmadu    1  nsubj   1:nsubj
3    kitaban   1  obj     1:obj
4    wa        5  cc      4.1:cc
4.1  qaraat    _  _       1:conj
5    salma     1  conj    4.1:nsubj
6    qasidatan 5  orphan  4.1:obj
```

दोन बारकावे. भरलेलं क्रियापद पहिल्याची नक्कल नाही; कर्ता स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘करअ’ नव्हे, ‘करअत’. आणि गाठीची जागा: ती सलमाच्या आधी, ४.१ ला. सहकारी बाईंनी आधी ५.१ ला ठेवली होती, कारण इंग्रजी नमुन्यांत ती कर्त्यानंतर दिसते. अरबीत क्रियापद कर्त्याआधी येतं, आणि गाळलेला शब्द त्याच्या मूळ जागीच भरावा हाही इब्न हिशामचाच नियम. मूलभूत थरात सलमाला बढती, कवितेला `orphan`, म्हणजे पोरकी. हे नाव मला फार शोभणारं वाटतं.

मग तो जुना शेर आला, जो कैस इब्न अल-खतीम याच्या नावावर सांगितला जातो आणि ज्यावर सीबवैहिनंही भिस्त ठेवली:

‘नह्नु बिमा इन्दना, व-अन्त बिमा इन्दक रादिन, वर्रअ्यु मुख्तलिफु.’

आम्ही आमच्याकडे जे आहे त्यावर, आणि तू तुझ्याकडे जे आहे त्यावर समाधानी. मतं तर वेगळी आहेतच. ‘रादिन’ (समाधानी) एकदाच आलाय, तोही दुसऱ्या भागात. तो पहिल्या भागालाही पुरवता आला असता, तर काही गाळलंच नाही असं म्हणता आलं असतं. पण ‘रादिन’ एकवचनी आहे आणि ‘नह्नु’ म्हणजे आम्ही. एकवचनी विधेय ‘आम्ही’ला लागत नाही, तिथे ‘रादून’ हवं. म्हणजे पहिल्या भागात बहुवचनी ‘रादून’ गाळलंय हे वचनावरून सिद्ध होतं. इथे पहिला साक्षीदार विभक्ती नसून वचन आहे, पण काम तेच करतो.

अडचण दिशेची. नेहमी आधी पुरं वाक्य येतं आणि नंतरच्यातून गाळतात. इथे उलटं, नंतरच्यावरून आधीचं भरायचंय. आमच्या तपासणीच्या स्क्रिप्टनं ही गाठ चूक म्हणून दाखवली, कारण ती फक्त मागच्या शब्दांत नमुना शोधत होती. पुढेही शोधायला सांगितलं. मूलभूत थरात ‘नह्नु’ मूळ झाला, ‘बिमा’चा गट त्याचा `orphan`, आणि ‘रादिन’ त्याला `conj`, म्हणजे जोडलेला भाग.

६ फेब्रुवारी

आतापर्यंत सगळी वाक्यं स्वरचिन्हांसह होती. आजपासून आधुनिक गद्य, म्हणजे बिनस्वरांचं. पहिला साक्षीदार इथे बहुतेक वेळा कोर्टात येतच नाही. ‘अ’, ‘उ’, ‘इ’ छापलेलेच नसतात.

काही ठिकाणी मात्र विभक्ती अक्षरांतही उमटते. अनिश्चित नाम द्वितीयेत असलं तर बहुधा शेवटी अलिफ लिहितात. म्हणून ‘खैरन’ बिनस्वरांच्या मजकुरातही ‘खैरुन’पासून वेगळं दिसतं. द्विवचन आणि काही पुल्लिंगी बहुवचनं यांचे प्रत्ययही अक्षरांनीच लिहितात. ‘असातीर’ किंवा ‘अल-कमर’ यांवर मात्र काहीच दिसत नाही.

नमुना वाक्य: मंत्र्यानं काल कैरोला भेट दिली आणि राजदूतानं बैरूतला. अरबीत: जार अल-वजीर अल-काहिरा अम्स, वस्सफीर बैरूत. आपोआप झाड काढणाऱ्या पार्सरला दिलं तर ‘बैरूत’ थेट ‘सफीर’ला लटकलं, `nmod` म्हणून: ‘बैरूतचा राजदूत’. मग तो राजदूत मंत्र्याच्या भेटीचं दुसरं कर्म झाला: मंत्र्यानं कैरोला आणि बैरूतच्या राजदूताला भेट दिली. अर्थ लागतो, हीच पंचाईत. चुकीचं झाड दिसायला इतकं गोंडस असतं की वरवर वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं.

पण वाक्यातच सुटका आहे. ‘सफीर’वर ‘अल’ लागलंय (वस्सफीर = व + अल-सफीर). अरबीत षष्ठीच्या जोडीतल्या पहिल्या नामावर अशा वेळी ‘अल’ येत नाही. बैरूतचा राजदूत म्हणायचं तर ‘सफीर बैरूत’. ‘अल’ आहे म्हणजे जोडी नाही, म्हणजे दोन नामं स्वतंत्र आहेत, म्हणजे मध्ये क्रियापद गाळलंय. ‘अल’ नसतं तर दोन्ही अर्थ शक्य होते आणि आम्हाला संदर्भावर जावं लागलं असतं.

यावरून फाइलींत शोधायचं एक सूत्र लिहिलं: ‘अल’ असलेलं नाम, त्याला `nmod` मूल, आणि त्या मुलाला स्वतःचं शब्दयोगी अव्यय (`case`) नाही. अशी प्रत्येक जागा हातानं तपासायची. पदव्या आणि विशेषनामांच्या जोड्या खोट्या अलार्मसारख्या येतात, त्या सहज वगळता येतात. उरलेल्यांत गाळलेली क्रियापदं सापडत आहेत.

प्राग अरेबिक डिपेंडन्सी ट्रीबँक या वाक्यझाडांच्या संचात अशा पोरक्या शब्दांना `ExD` ही खूण होती: हा शब्द ज्याला लटकायला हवा तो इथे नाही. मला ती खूण प्रामाणिक वाटते. गाळलंय एवढं सांगते, काय गाळलंय यावर दावा करत नाही.

१३ फेब्रुवारी

‘अल्लफ्तुहा तिब्नन व-माअन बारिदन.’ मी तिला (जनावराला) भुसा चारला आणि थंड पाणी. व्याकरणाच्या पुस्तकांत हे वाक्य शतकानुशतकं फिरतंय. पाणी कुणी चारत नाही. मग ‘आणि थंड पाणी (पाजलं)’ असं निराळं क्रियापद भरायचं का? काही भरतात: ‘सकैतुहा’. काही म्हणतात, भरू नका, ‘चारलं’ याचाच अर्थ ‘दिलं’ एवढा सैल धरा, मग दोन्ही नामं एकाच क्रियापदाची कर्मं होतात.

इथे ‘मा’ला, म्हणजे पाण्याला, द्वितीया आहे, पण ती पहिल्या क्रियापदानंही मिळू शकते. रचना पुरी आहे, अडतो तो फक्त अर्थ. म्हणजे पहिला साक्षीदार ‘गाळलंय’ म्हणतच नाही. गाठ घातली नाही. ‘मा’ हे ‘तिब्न’चं साधं `conj`. तक्दीरच्या रकान्यात ‘सकैतुहा’ लिहिलं. बाईंना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, वाचणारा मनात ‘पाजलं’ भरतोच, मग झाडात का नको? माझं म्हणणं, वाचणारा मनात बरंच काही भरतो, पण झाड वाक्याचं काढायचंय. मतभेद तक्त्यात दोघांच्या आद्याक्षरांसह नोंदवला.

२० फेब्रुवारी

‘लौला’ची, म्हणजे ‘नसता तर’ची, वाक्यं. ३४:३१: ‘लौला अन्तुम लकुन्ना मुअ्मिनीन’, तुम्ही नसता तर आम्ही श्रद्धावान असतो. ‘लौला’नंतर फक्त ‘तुम्ही’. ‘अस्तित्वात’ (मौजूदून) हे विधेय गाळलेलं, आणि परंपरा म्हणते की इथे ते गाळलंच पाहिजे, बोलायला मुभा नाही. नुसतं असणं अभिप्रेत असेल तर हे ठीक. विशिष्ट काही सांगायचं असेल तर काय, यावर कवी अल-मअर्रीची (मृत्यू १०५७) एक ओळ नेहमी पुढे येते. धाकानं प्रत्येक तलवार वितळते, आणि ‘फ-लौलल-गिम्दु युम्सिकुहु लसाला’: म्यानानं तिला धरून ठेवलं नसतं तर ती वाहून गेली असती. इथे ‘युम्सिकुहु’ (धरतं) हे विधेय ‘लौला’नंतर चक्क उच्चारलंय. कडक वैयाकरणांनी याला चूक ठरवलं. इब्न मालिकच्या बाजूचे म्हणतात की विधेय विशिष्ट असेल तर ते बोलायलाच हवं, कारण म्यान ‘आहे’ एवढ्यावरून ‘धरून ठेवतं’ कळणार कसं. मला दुसरी बाजू बरोबर वाटते.

जो शब्द कधीच उच्चारला जात नाही, त्यासाठी ३४:३१ मध्ये गाठ नाही. ‘अन्तुम’ हाच उपवाक्याचा प्रमुख, `advcl`.

२७ फेब्रुवारी

उरलेल्यांत ३६:३९ होती: ‘वल-कमर-अ कद्दर्नाहु मनाजिल’, आणि चंद्र, आम्ही त्याला मुक्काम ठरवून दिले. कुराण-पठणाच्या परंपरा अनेक आहेत; हफ्सच्या पठणात ‘कमर-अ’, द्वितीया. नाफि, इब्न कसीर आणि अबू अम्र यांच्या पठणात ‘कमर-उ’, प्रथमा. कर्म म्हणून ‘हु’ (त्याला) आधीच आहे, मग द्वितीयेतल्या चंद्राला कुणी धरलंय? परंपरेचं उत्तर: त्याच्या आधी दुसरं ‘कद्दर्ना’ गाळलंय, नंतरचं त्याचा उलगडा करतं. प्रथमेच्या पठणात असं काही लागत नाही. आधीच्या आयतीतल्या ‘वश्शम्सु तज्री’सारखंच (आणि सूर्य चालतो) ते नाममय वाक्य होतं.

आमच्या मांडणीत दोन्ही पठणांना एकच झाड मिळतं: चंद्र `dislocated`, म्हणजे वाक्याच्या कडेला काढलेला, आणि ‘हु’ `obj`, म्हणजे कर्म. फरक फक्त `Case=Acc` आणि `Case=Nom` यात उरतो. हे नुकसान आहे, आणि ते मान्य करून पुढे गेलो. भरलेलं क्रियापद शेजारच्या शब्दातच बोललं गेलंय, त्याची दुसरी प्रत झाडात ठेवणं जड वाटलं.

८४:१ तसंच. ‘इजस्समाउ-न्शक्कत’, आकाश दुभंगेल तेव्हा. बसरी वैयाकरणांना ‘इजा’नंतर क्रियापदच हवं, म्हणून ते आकाशाआधी एक ‘इन्शक्कत’ कल्पतात. कूफा शहराच्या परंपरेतले कूफी वैयाकरण म्हणतात, आकाश हाच पुढे आलेला कर्ता. आम्ही `nsubj` लिहिलं, म्हणजे कूफींच्या पारड्यात मत टाकलं. लीड्स विद्यापीठात कायस ड्यूक्स यांनी उभ्या केलेल्या कुराणाच्या अरबी कॉर्पसमध्ये पारंपरिक एराबच झाडात आणलाय आणि गाळलेल्या शब्दांना रिकाम्या गाठी दिल्यात. आमच्या या ओळी त्याच्याशी जुळणार नाहीत, ते माथ्यावर लिहिलंय.

शेवटची ओळ १२:१८ ची: ‘फ-सब्रुन जमील’, तर मग सुंदर सबुरी. ‘माझं काम (म्हणजे) सुंदर सबुरी’ की ‘सुंदर सबुरी (अधिक बरी)’? उद्देश गाळलाय की विधेय? विभक्ती दोन्हींना चालते, दुसरी आयत मदतीला येत नाही, प्रसंगही दोन्हींना सारखाच बसतो. झाड मात्र दोन्ही बाजूंनी एकच येतं: ‘सब्र’ मूळ, ‘जमील’ त्याचं विशेषण, `amod`. तक्दीरच्या रकान्यात दोन्ही वाचनं एकाखाली एक लिहिली आणि खात्रीच्या रकान्यात शून्य ठेवलं.